नाताळच्या झाडावरच्या लाह्यांच्या माळा मऊ का पडतात, बेदाण्यांत अळ्या कुठून येतात

सांगलीत आमच्या घरी नाताळचं झाड डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी उभं राहतं आणि तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, तसंच असतं. झाड म्हणजे सुरूची मोठी फांदी, वाळूच्या बादलीत घट्ट रोवलेली. तिच्यावर काचेचे गोळे चार-पाचच. बाकी सगळं खायचं असतं: मक्याच्या लाह्यांच्या, म्हणजे पॉपकॉर्नच्या माळा, मध्ये मध्ये बेदाणे, मोसंबीच्या वाळवलेल्या चकत्या आणि तारे-चांदण्यांची बिस्किटं. ओवायला सगळं घर बसतं. सासूबाईंना सुईत दोरा ओवता येत नाही आता, पण लाही हातात घेऊन कुठून टोचायची ते त्या डोळे मिटून सांगतात.

आणि जवळपास दरवर्षी नाताळच्या आधीच काहीतरी बिघडायचं. एका वर्षी लाह्या चिंधीसारख्या मऊ झाल्या. दुसऱ्या वर्षी बेदाण्यांत अळ्या निघाल्या. तिसऱ्या वर्षी अख्ख्या झाडावर बारीक लाल मुंग्यांची रांग. दरवेळी मी त्या त्या वेळचा उपाय करत गेले आणि पुढच्या वर्षी दुसरंच काही निघायचं. गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा माळा चार आठवडे कुरकुरीत राहिल्या. आमच्या चर्चमधल्या दोघी-तिघींनी कसं केलं म्हणून विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. लाह्यांच्या माळांची ही रीत अमेरिकेतली. तिकडे डिसेंबरात बाहेर बर्फ असतं आणि घर तापवलेलं असतं. तापवलेल्या बंद घरातली हवा इतकी कोरडी होते की टांगलेली लाही आपोआप वाळत राहते. आपल्याकडे डिसेंबरात दुपार कोरडी असते खरी, पण पहाटे कृष्णेकाठी धुकं उतरतं, खिडक्या उघड्या असतात आणि स्वयंपाकघरातली वाफ बाहेरच्या खोलीत येते. त्यामुळे "ओवा आणि टांगा" एवढंच सांगणारी कृती आपल्या घरात फसते. इथे वाळवण्याचं काम हवा करत नाही, आपल्यालाच करावं लागतं.

लाह्या मऊ पडतात तेव्हा

ज्या वर्षी लाह्या चिंधी झाल्या त्या वर्षी मी फार काळजी घेतली होती, हेच मला लागलं. माळा आठ दिवस आधी ओवल्या, मुंग्या लागू नयेत म्हणून मोठ्या स्टीलच्या डब्यात गुंडाळून ठेवल्या, झाकण घट्ट लावलं. एक लाही, एक बेदाणा, पुन्हा दोन लाह्या, असा सुंदर क्रम होता. पाचव्या दिवशी डबा उघडला तर लाही दाताखाली कापसासारखी लागली. पाणी कुठूनच गेलेलं नव्हतं. डबा कोरडा होता.

ओल बेदाण्यातली होती. चांगल्या वाळलेल्या बेदाण्यातही साधारण पंधरा टक्के पाणी असतं, म्हणून तर तो चावायला मऊ लागतो. ताज्या लाहीत दोन-तीन टक्केच. दोघांना बंद डब्यात शेजारी ठेवलं की ओल बेदाण्याकडून लाहीकडे जात राहते. बेदाण्याला थोडं पाणी गेल्याचा पत्ता लागत नाही, पण लाहीला तेवढ्यानं कुरकुरीतपणा घालवायला पुरतं. डबा जितका घट्ट, तितकं हे पक्कं, कारण ओलीला दुसरीकडे जायला वाट नसते. चिवड्यात बेदाणे घालून डबा भरला तर पोहे लवकर मऊ होतात, त्यातलंच हे.

म्हणून आता माझा नियम असा की बेदाणे आणि लाह्या एकाच माळेत हव्या असल्या तरी एका दोऱ्यात ओवायच्या नाहीत आणि एका डब्यात ठेवायच्या नाहीत. लाह्यांची माळ वेगळी, दीड-दोन हाताच्या तुकड्यांत, दोन्ही टोकांना फासा. बेदाण्यांचे छोटे तुकडे वेगळे, दहा-बारा दाण्यांचे, त्यांनाही फासे. झाडावर चढवायच्या दिवशी एकमेकांना अडकवायचे. दिसायला माळ अखंडच दिसते, आणि एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच काढता येतो. टांगल्यावर ओलीला बाहेरची हवा मिळते, त्यामुळे शेजारच्या एक-दोन लाह्या जरा नरमतात, बाकीच्या राहतात.

आता लाही ओवण्याबद्दल, कारण इथे एक उलट वाटणारी गोष्ट आहे. गरम, ताजी लाही सुईनं फुटते. दहातल्या चार-पाच तरी तुटून पडतात आणि मुलं रडकुंडीला येतात. म्हणून लाह्या आदल्या रात्री करायच्या आणि परातीत उघड्या पसरून ठेवायच्या. रात्रभरात त्या हवेतली ओल घेतात, किंचित चिवट होतात आणि सुई सहज जाते. म्हणजे ओवण्यासाठी आपण त्या मुद्दाम नरम करतो. माझी खरी चूक इतकी वर्षं इथेच होत होती: नरम केलेली लाही ओवून तशीच टांगत होते. ओवून झाली की ती पुन्हा वाळवायला हवी.

माझ्याकडे छोटा ओव्हन आहे. जाळीवर माळ सैल वेटोळं करून ठेवते, वरच्या-खालच्या तारांना दोरा लागणार नाही असं बघून, आणि शंभर अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवते. दार बोटभर उघडं, म्हणजे वाफ बाहेर जाते. रंग बदलायला लागला तर तापमान जास्त आहे, लगेच कमी करायचं. बाहेर काढल्यावर गरम असताना लाही मऊच लागते, त्यावर जाऊ नका. दहा मिनिटं थंड झाल्यावर एक तोडून बघायची: कट्कन आवाज आला की झालं. आवाज नाही आला तर आणखी दहा मिनिटं. ओव्हन नसेल तर गच्चीवर दोन दिवस, सकाळी अकरा ते दुपारी चार, वर मलमलीचं पातळ फडकं टाकून. चारनंतर माळ बाहेर राहिली की दिवसभराची मेहनत तासाभरात जाते, म्हणून मोबाईलवर गजर लावून ठेवते.

लाह्या तेलाशिवाय करायच्या. जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून, सतत हलवत, किंवा हवेवर फुलवणारं यंत्र असेल तर त्यात. तेला-लोण्याची लाही दोन आठवड्यांत खवट होते आणि त्या वासावर मुंग्या येतात. मीठही नको, मीठ हवेतली ओल ओढतं. बाजारातली तयार मसाला लावलेली पाकिटं या कामाची नाहीत. दाणे पॉपकॉर्नचेच घ्यायचे, साधा मका असा फुलत नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत पाचशेच्या आसपास अखंड लाह्या मिळतात आणि त्यांची सात-आठ मीटर माळ होते. आमच्या फांदीला तेवढी पुरते.

दोरा साधा सुती, दुहेरी, पण फार लांब नको. दोन-अडीच हातांच्या वर गेलं की गुंता होतो. सुई बारीक आणि टोकदार. जाड सुई लाही चिरते. लाहीच्या मध्ये दाण्याचं पिवळं टरफल असतं, ते कडक असतं, तिथे जोर लावला की लाही दुभंगते. सासूबाई सांगतात ते हेच: "टरफलाला लागून, पण त्याच्या बाजूनं, जिथं पांढरं जाड आहे तिथनं काढ गं." अगदी कडेनं टोचली तर ती टांगल्यावर वजनानंच फाटून पडते.

अळ्या : त्या झाडावर आल्या की झाडाबरोबर आल्या?

या तक्रारीला मी जास्त जागा देते, कारण इथेच बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी शोधतात.

त्या वर्षी ५ डिसेंबरला मी बाजारातून अर्धा किलो सुटे बेदाणे आणले. ९ तारखेला माळा चढल्या. २० तारखेला मुलगा म्हणाला, "आई, या माळेवर कोळ्याचं जाळं आहे." जवळ जाऊन बघितलं तर बेदाणा आणि शेजारची लाही यांच्यामध्ये पांढरट बारीक धागे होते आणि धाग्यांत रव्यासारखे कण अडकलेले. बेदाणा बोटानं दाबला तर साल तशीच, आत पोकळ. त्याखाली अळी, पाऊण इंचाला थोडी कमी, फिकट मळकट रंगाची, डोकं तपकिरी. खूप दिवसांचं पीठ राहिलं की त्यात जाळी धरते, तीच ही जात. तिचा पतंग तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेला असणार: छोटासा, पंखांचा वरचा भाग फिकट राखाडी आणि खालचा अर्धा तांब्यासारखा लालसर. संध्याकाळी भिंतीवर बसलेला असतो.

माझा पहिला संशय खिडकीवर गेला. बाहेरून पतंग आला, झाडावर अंडी घातली, अळ्या झाल्या. मग मी दिवस मोजले. माळा टांगून अकरा दिवस झाले होते. या किड्याचं अंडं फुटायला काही दिवस जातात आणि अळी पुरती वाढायला उन्हाळ्यातसुद्धा दोन-तीन आठवडे लागतात, डिसेंबरच्या थंडीत त्याहून जास्त. अकरा दिवसांत एवढी मोठी अळी होऊच शकत नाही. म्हणजे ती माळेत टांगण्याआधीपासून होती.

मग कशातून आली? लाही तापलेल्या कढईत फुलते, त्या उष्णतेत काहीच जगत नाही. बिस्किटं भट्टीतून आलेली. मोसंबीच्या चकत्या तीन तास तापवलेल्या. झाडावरच्या सगळ्या गोष्टींत न तापवता चढलेली वस्तू एकच होती: बेदाणा. पिशवीत उरलेले मूठभर बेदाणे मी पांढऱ्या ताटात ओतले आणि हलवले. तळाशी तोच रवाळ चुरा आणि दोन दाण्यांमध्ये तेच धागे.

तासगावकडे माझ्या मामेभावाचं बेदाण्याचं शेड आहे. त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं ताई, आमचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतो. तू डिसेंबरात घेतेस तो आठ-दहा महिन्यांचा असतो. कोल्ड स्टोरेजमध्ये होता तोवर त्याला काही होत नाही. पण बाहेर काढून दुकानात उघड्या पोत्यात किती दिवस होता, ते तुला कोण सांगणार?" त्याच्या शेडमध्ये जाळ्यांच्या कप्प्यांवर द्राक्षं सावलीत वाळतात, तिथेही ओल नीट उतरली का हे तो हातानं बघतो. मूठभर बेदाणे घट्ट दाबायचे आणि मूठ उघडायची. दाणे आपोआप सुटे झाले तर माल कोरडा. गोळा तसाच राहिला तर ओल आहे, आणि ओला बेदाणा बुरशीलाही बळी पडतो आणि किडीलाही. मी आता दुकानात उभं राहून हेच करते. थंड गोदामातून नुकत्याच काढलेल्या मालावर दव धरतं, तोही गोळा होतो, असा माल घेत नाही.

उपाय साधा आहे, फक्त वेळ आधीपासून काढावा लागतो. बेदाणे आणले की निवडून, देठ काढून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत दोन बोटं जाडीचा थर होईल असे भरायचे, हवा दाबून काढायची आणि फ्रीजरमध्ये सात दिवस ठेवायचे. खालच्या फ्रीजमध्ये नाही, बर्फाच्या कप्प्यात. उणे अठरा अंश कायम राहिलं तर चार दिवसांत अंडी, अळ्या, कोष सगळं मरतं. पण घरचा फ्रीज दिवसातून वीस वेळा उघडतो, म्हणून मी सात दिवस धरते. बेदाणा साखरेमुळे दगडासारखा गोठत नाही, त्यामुळे "हे गोठलंच नाही" असं वाटून लवकर काढू नका.

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं आणि बेदाणे घामेजले. थंड बेदाण्यावर हवेतली ओल दव होऊन बसते. पिशवी बंदच ठेवून रात्रभर ओट्यावर राहू द्यायची. दव बसलं तर पिशवीच्या बाहेर बसतं. सकाळी उघडून एक दिवस उन्हात फडक्याखाली, मग ओवायला घ्यायचे.

आधीच किडका निघालेला माल मात्र गोठवून वापरू नका. किडे मरतात, पण चुरा आणि विष्ठा आतच राहते, आणि मुलं माळेवरचे बेदाणे तोडून खातातच. तो टाकून द्यायचा, बंद पिशवीत बांधून, त्याच दिवशी घराबाहेर. शेजारचे पीठ, रवा, शेंगदाणे यांचे डबेही त्याच दिवशी तपासा. जाळी तिथे धरली असेल तर झाड कितीही स्वच्छ केलं तरी पतंग पुन्हा येतील.

झाडावर अळी दिसलीच तर फवारा मारायचा नाही, डांबराच्या गोळ्याही टांगायच्या नाहीत. खाण्याच्या वस्तूला ते चालत नाही. बेदाण्याचे सगळे तुकडे काढायचे, त्यांना चिकटलेल्या लाह्यांसकट. उरलेल्या लाह्यांच्या माळा शंभर अंशांवर वीस मिनिटं पुन्हा तापवायच्या. वेगळे तुकडे आणि फासे ठेवण्याचा फायदा इथे कळतो: अळ्या निघाल्या त्या वर्षी मला अख्खी माळ कापावी लागली होती. फडताळात कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण त्यानं बेदाण्याच्या आतली अळी मरत नाही.

मुंग्या : वाट शोधा

बेदाण्यात सुई घातली की त्याची साल फुटते आणि आतला गोड चिकट रस दोऱ्यावर येतो. अख्ख्या बेदाण्याकडे मुंगी सहसा ढुंकून बघत नाही, टोचलेल्याचा तिला लगेच पत्ता लागतो. म्हणून ओवताना सुई आणि बोटं ओल्या फडक्यानं पुसत राहायची, आणि ओवलेले तुकडे टांगण्याआधी एक दिवस उन्हात वाळवायचे, म्हणजे भोकाभोवतीचा रस सुकून खपली धरतो.

बाकी उपाय आपल्या आज्यांचाच: जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाटीत. झाडाची बादली मोठ्या परातीत ठेवायची, परातीत दोन बोटं पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे थेंब. बारीक मुंगी नुसत्या पाण्यावरून तरंगत जाऊ शकते, साबणाच्या पाण्यात बुडते. पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं, नाहीतर त्यात डास होतील.

एवढं करूनही त्या वर्षी मुंग्या आल्या. परातीत एकही नव्हती, झाडावर शेकडो. रात्री सगळे झोपल्यावर मी बॅटरी घेऊन झाडाजवळ बसले आणि एका मुंगीवर नजर ठेवली. ती बेदाण्यावरून फांदीवर, फांदीवरून दिव्यांच्या माळेवर, आणि तिथून वायरवरून सरळ भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली. प्लगच्या पेटीच्या मागे भेग होती. पाण्याचा खंदक होता, पण पूल मीच बांधून ठेवला होता. पडद्याचं टोक फांदीला लागलं किंवा वरचं पान भिंतीला टेकलं तरी असंच होतं.

वायरीसाठी मी आता असं करते: प्लग काढून, झाडाच्या बाहेर वीतभर वायरीवर कागदी टेप गुंडाळते आणि त्या टेपवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावते. मुंगी तो ओलांडत नाही. धूळ बसली की चार-पाच दिवसांनी पुन्हा लावायचा. जी रांग लागली असेल ती साबणाच्या पाण्यानं पूर्ण पुसायची, भिंतीपासून फांदीपर्यंत, कारण वास राहिला तर दुसऱ्या दिवशी नव्या मुंग्या तीच वाट धरतात.

मोसंबी आणि बिस्किटं

चकत्यांसाठी मी संत्रं सोडून मोसंबी घेते. संत्र्याची साल सैल असते, वाळताना चकती सालीतून निखळून पडते. मोसंबीची साल गराला घट्ट धरून असते. अर्धा सेंटीमीटर जाड काप, दोन्ही बाजूंनी फडक्यानं टिपून, जाळीवर शंभर अंशांच्या आत तीन तास, सुरुवातीला अर्ध्या-अर्ध्या तासानं उलटून. मग दोन दिवस ऊन. वाळल्या की नाही हे बोटाला कळत नाही, काचेची बरणी सांगते. थंड झालेल्या चकत्या स्वच्छ बरणीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे, पुन्हा वाळवा. हे न करता टांगलेल्या चकतीच्या मध्यभागी, बियांच्या जागी, आठवड्याभरात हिरवट-पांढरी बुरशी दिसते. तशी चकती पुसून वापरायची नाही, टाकायची.

बिस्किटांना मी सुरुवातीला गूळ घालत होते. चव उत्तम, सुंठ-लवंगेबरोबर फारच छान, पण गूळ हवेतून पाणी ओढतो. आठ दिवसांत बिस्किट वाकायचं आणि भोकापासून फाटून खाली पडायचं. टांगायच्या बिस्किटांत आता पिठीसाखर: मैदा अडीचशे ग्रॅम, पिठीसाखर शंभर, तूप पंच्याहत्तर, सुंठ एक चमचा, दालचिनी अर्धा, आणि मळायला लागेल तेवढंच दूध. सोडा नाही, त्यानं बिस्किट फुगून ठिसूळ होतं. लाटी अर्धा सेंटीमीटर जाड. भोक स्ट्रॉनं पाडायचं, कडेपासून निदान एक सेंटीमीटर आत. एकशेसत्तर अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. बाहेर काढल्याबरोबर भोक बुजलं असेल तर पुन्हा टोचायचं, थंड झाल्यावर टोचलं तर तडा जातो. मग एकशेदहा अंशांवर आणखी अर्धा तास, नुसतं वाळायला. खाण्याची गुळाची बिस्किटं वेगळी करून डब्यात ठेवते, ती झाडावर चढत नाहीत.

बिस्किटावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली पिठूळ भुकटी दिसली तर तो वेगळा किडा, छोटा तपकिरी, मसाल्यांत आणि जुन्या बिस्किटांत होणारा. भाजल्यावर ते बिस्किट कुठल्या तरी जुन्या डब्याजवळ उघडं राहिलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे तो जुन्या धण्यांतून आला होता.

एकीनं विचारलं होतं, "काकू, वरून वॉर्निश मारलं तर?" फक्त शोभेच्या चकत्यांना चालेल, पण बरणीची परीक्षा पास झाल्यावरच, कारण ओल्या चकतीवर वॉर्निश मारलं की ओल आत कोंडते आणि बुरशी आतून येते. आमच्या घरात लहान मुलं आहेत आणि झाडावरचं खाणं हाच त्यांचा नाताळ आहे, म्हणून आम्ही काहीच लावत नाही.

दिवसांचा हिशेब असा बसतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बेदाणे फ्रीजरमध्ये. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते बाहेर, त्याच दिवसांत मोसंबी आणि बिस्किटं. झाड उभं राहायच्या तीन दिवस आधी बेदाणे ओवून उन्हात, दोन दिवस आधी रात्री लाह्या, दुसऱ्या दिवशी ओवणं आणि वाळवणं. मध्ये कधी पाऊस झाला किंवा धुकं दुपारपर्यंत राहिलं, तर एक लाही तोडून आवाज ऐकायचा आणि गरज वाटली तर तुकडे उतरवून पुन्हा ओव्हनमध्ये.

६ जानेवारीला उतरवताना लाह्या आणि बेदाणे पुढच्या वर्षासाठी ठेवत नाही. दोरा ओढून काढतो आणि लाह्या गच्चीवर चिमण्यांना टाकतो. दोऱ्यासकट टाकायच्या नाहीत, पाखरांच्या पायांत गुंततो. चांगल्या वाळलेल्या चकत्या तेवढ्या बरणीत जातात, बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी तळाशी टाकून वर कागद घालून. गेल्या वर्षीच्या अकरा चकत्या आत्ता माझ्यासमोर आहेत. रंग थोडा गडद झाला आहे, काचेवर धुकं नाही.